वेडिंग प्लॅनरची फी: टक्केवारी, फ्लॅट आणि मधलं कमिशन

वेडिंग प्लॅनरकडे गेलात की पहिल्याच भेटीत दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. "आमची फी टोटल बजेटच्या दहा टक्के," किंवा "आम्ही फ्लॅट घेतो, सव्वा लाख." मग घरी येऊन कुठलं स्वस्त यावर चर्चा रंगते. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी पुण्यात कोटेशनं गोळा करताना आमच्याकडेही हेच झालं. हिशेबाची सवय असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून नात्यातल्या बऱ्याच जणांचे प्लॅनरचे कागद माझ्याकडे वाचायला येतात. एवढे कागद वाचल्यावर माझं मत असं झालंय की टक्के की फ्लॅट हे नंतर बघावं. आधी हे विचारावं की आपल्याशिवाय या माणसाला आणखी कोण पैसे देतंय. डेकोरेटर, फोटोग्राफर, साउंडवाला, मेकअपवाली यांच्याकडून प्लॅनरला कट मिळत असेल, तर कोटेशनवरची फी हा त्याच्या कमाईचा फक्त दिसणारा भाग असतो.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मांडले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

१. 'बजेट' म्हणजे काय, ते आधी तुम्ही ठरवा

प्लॅनरला भेटण्याआधी एक कागद घ्या आणि लग्नाच्या खर्चाचे तीन गट पाडा.

समजा घरात "चाळीस लाखांचं लग्न" असं बोललं जातंय. त्यात दागिने ९ लाख आणि कपडे ३ लाख. हा पहिला गट, याच्याशी प्लॅनरचा काही संबंध नाही. उरले २८ लाख. त्यातलं लॉन ५ लाख, जेवण ९ लाख आणि पाहुण्यांच्या खोल्या २ लाख हे तुम्ही स्वतःच ठरवून अ‍ॅडव्हान्सही दिलाय. हा दुसरा गट, १६ लाखांचा. राहिलं ते सजावट ६ लाख, फोटो-व्हिडिओ अडीच लाख, साउंड-लाइट दीड लाख, मेकअप-मेंदी १ लाख आणि किरकोळ १ लाख. हा तिसरा गट, १२ लाखांचा, आणि प्लॅनरने खरोखर माणसं शोधून, भाव ठरवून करायचं काम एवढंच.

आता "दहा टक्के" कशावर? चाळीसवर धरले तर ४ लाख, अठ्ठावीसवर २ लाख ८० हजार, बारावर १ लाख २० हजार. एकाच वाक्याचे हे तीन अर्थ आहेत, आणि "टोटल बजेट" म्हणणारा प्लॅनर तुमच्या तोंडून आकडा येईपर्यंत थांबतो. म्हणून पहिल्या भेटीत चाळीस म्हणूच नका. तिसऱ्या गटाचा आकडा सांगा, आणि दुसऱ्या गटाबद्दल वेगळं बोला.

दुसऱ्या गटावर प्लॅनर काहीच करत नाही असं मात्र नाही. केटररच्या माणसांना वेळेवर उभं करणं, कार्यालयाच्या मॅनेजरशी भांडणं, खोल्यांच्या चाव्या वाटणं हे त्याच्याच गळ्यात पडतं. त्यासाठी त्याने दोन-तीन टक्के किंवा वेगळी रक्कम मागितली तर ते रास्त आहे. तुम्ही आधीच बुक केलेल्या लॉनवर पूर्ण दहा टक्के मात्र देऊ नका.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे टक्केवारी जीएसटीआधीच्या रकमेवर हवी. व्हेंडरच्या जीएसटीसकट बिलावर फी लावली, तर तुम्ही सरकारला दिलेल्या करावरही प्लॅनरला टक्के देत असता. कोटेशनमध्ये हे कुणी लिहीत नाही, विचारावं लागतं.

२. सगळी कोटेशनं एकाच मापाने मोजा

वरच्याच लग्नासाठी तीन कोटेशनं आली असं समजू.

पहिला प्लॅनर २८ लाखांवर दहा टक्के मागतो. म्हणजे २ लाख ८० हजार, आणि त्याच्या फीवर १८ टक्के जीएसटी धरून ३ लाख ३० हजार ४००. कमिशनबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरा फ्लॅट सव्वा लाख सांगतो, जीएसटीसकट १ लाख ४७ हजार ५००. अट एकच, व्हेंडर त्याच्याच यादीतले.

तिसरा फ्लॅट पावणेतीन लाख, जीएसटीसकट ३ लाख २४ हजार ५००. व्हेंडरकडून काहीही घेणार नाही, हे तो लिहून देतो.

घरातले सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतील. पण त्याच्या यादीतून सजावट, फोटो, साउंड आणि मेकअप मिळून ११ लाखांचं काम जाणार आहे. त्यावर सरासरी १५ टक्के कट धरला तर १ लाख ६५ हजार होतात. हे पैसे व्हेंडर खिशातून देत नाही, ते तुमच्या बिलातूनच जातात. म्हणजे या प्लॅनरमागे तुमच्याकडून निघणारी रक्कम ३ लाख १२ हजार ५००. तिसऱ्यापेक्षा फक्त १२ हजारांनी कमी. पहिलाही कट घेत असेल, तर त्याचा आकडा ४ लाख ९५ हजारांवर जातो.

आता पुढची पायरी बघा. सजावट ६ लाखांवरून साडेचारवर आणायची असं तुम्ही ठरवलंत, तर पहिल्याची फी १५ हजारांनी कमी होते आणि कट असेल तर आणखी साडेबावीस हजार जातात. दुसऱ्याचे साडेबावीस हजार जातात, तेही तुम्हाला न दिसता. तिसऱ्याचं काहीच जात नाही. मग "ताई, एंट्रीला ताजी फुलंच हवीत, आर्टिफिशियल फोटोत कळतात हो," हे वाक्य तिघांपैकी कोण किती जोर लावून म्हणेल, हे तुम्हीच ओळखा. माणूस वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. ज्याच्या कमाईची सुई खर्च वाढला की वर जाते, त्याच्याकडून काटकसरीचा सल्ला मिळणं अवघडच.

फ्लॅट फीचाही एक दोष आहे. रक्कम ठरलेली असल्याने काम वाढलं की प्लॅनरचा उत्साह कमी होतो, किंवा मग 'एक्स्ट्रा' सुरू होतं. हळद घरी ठरली होती, ती लॉनवर आली की १५ हजार. पाहुणे पाचशेवरून सातशे झाले की दोन माणसं जास्त, त्यांचे पैसे वेगळे. म्हणून फ्लॅट ठरवताना कुठले कार्यक्रम (मेंदी, संगीत, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन), किती पाहुण्यांपर्यंत, त्या दिवशी किती माणसं हजर आणि ती किती वाजेपर्यंत, हे चारही मुद्दे लिहून घ्या. "फुल वेडिंग कोऑर्डिनेशन" या शब्दांत यातलं काहीच बसत नाही.

३. कमिशनचं तोंडावर विचारा

लाजू नका, या धंद्यात हा रोजचा विषय आहे. एवढंच विचारा: "आमच्या लग्नातल्या कुठल्याही व्हेंडरकडून, कार्यालयाकडून किंवा हॉटेलकडून तुम्हाला रोख, वस्तू, सवलत, रेफरल अशा कुठल्याही रूपात काही मिळणार आहे का?" नुसतं "कमिशन घेता का?" विचारलंत तर "नाही" हे उत्तर सोपं जातं, कारण तोच पैसा कुणाच्या वहीत मार्केटिंग फी असतो, कुणाच्या वहीत कोऑर्डिनेशन चार्ज.

उत्तरं साधारण चार प्रकारची येतात.

"घेत नाही, लिहून देतो." उत्तम, पुढे चला.

"घेतो, म्हणूनच फी कमी ठेवलीय." हा माणूस मला आवडतो, कारण त्याच्याशी हिशेब करता येतो. डेकोरला किती टक्के, फोटोला किती, ते विचारा आणि वरच्या रीतीने बेरीज करा. उघडपणे घेतलेलं कमिशन ही कमाईची एक सरळ पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही.

"तुम्हाला त्याने काय फरक पडतो? तुम्ही थेट गेलात तरी रेट तोच मिळेल." हे अर्धं खरं आहे. प्लॅनर वर्षाला बरीच लग्नं आणतो, त्यामुळे अनेक डेकोरेटर थेट आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्यापेक्षा कमी भाव देतच नाहीत. पण फरक निवडीत पडतो. दोन डेकोरेटर सारखेच असतील आणि एक २० टक्के, दुसरा १० टक्के देत असेल, तर तुमच्यापर्यंत कुणाचे फोटो पोहोचतील? शिवाय मुहूर्ताच्या तासभर आधी स्टेज अर्धा असताना प्लॅनरने डेकोरेटरला झापायला हवं. ज्याच्याकडून पुढच्या लग्नाचेही पैसे यायचे आहेत, त्याला झापताना जीभ जरा अडखळतेच.

"डेकोर आमचं इन-हाउस आहे." हे सर्वांत कमी ओळखलं जाणारं उत्तर. सजावटीची फर्म प्लॅनरची स्वतःची किंवा घरातल्या कुणाची असते. कमिशन नाही, हे अक्षरशः खरं असतं. पण सजावटीतला नफाही त्याचा आणि वर सजावटीच्या रकमेवरची टक्केवारीही त्याचीच. अशा वेळी इन-हाउस कामाची रक्कम टक्केवारीतून वगळायला सांगा आणि बाहेरच्या एका डेकोरेटरचं कोटेशन तुलनेला घ्या.

गोव्यात किंवा कुठेही हॉटेलात लग्न असेल, तर खोल्यांचा प्रश्न वेगळा विचारा. ट्रॅव्हल एजंटला देतात तसं हॉटेलं प्लॅनरलाही बुकिंगवर कमिशन देतात. हॉटेलच्या सेल्सवाल्याला "हा रेट कमिशनेबल आहे की नेट?" एवढं विचारलं की समोरच्याला कळतं की तुम्हाला यातलं समजतं. नेट रेट मागा, किंवा ते कमिशन आपल्या फीतून वजा करून घ्या. साठ खोल्या, दोन रात्री, ८ हजारांचा दर म्हणजे ९ लाख ६० हजार. त्यावर नुसते दहा टक्के धरले तरी जवळपास लाख रुपये होतात.

४. व्हेंडरचा कागद मूळ स्वरूपात मागा

आमच्याकडे डेकोरेटरचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आलं. वरच्या बाजूला जिथे फर्मचं नाव असतं, तिथे पांढरी पट्टी होती आणि खाली प्लॅनरचा लोगो. आत मात्र बारा ओळींचा नीट तपशील होता: लग्नाचा स्टेज, पॅसेज, फोटो बूथ, फुलं, ट्रान्सपोर्ट. फक्त प्रत्येक ओळीपुढे रक्कम नव्हती, शेवटी एकच आकडा, ६ लाख २० हजार. मूळ कागद मागितल्यावर दोन दिवस "पाठवतो" झालं आणि मग ओळवार रकमांसकट जो कागद आला त्याची बेरीज ५ लाख ३५ हजार होती. तीच बारा कामं. मधले ८५ हजार "आमचं हँडलिंग" होतं म्हणे.

तेव्हा या खुणा बघा: फर्मचं नाव किंवा जीएसटी नंबर झाकलेला, ओळवार भाव नसलेला एकच आकडा, व्हेंडरशी बोलायचं म्हटलं की "सगळं आमच्यामार्फतच करा", आणि तुम्ही सुचवलेल्या फोटोग्राफरमध्ये लगेच दोष दिसू लागणं. एकेकटी खूण म्हणजे पुरावा नव्हे. तिन्ही-चारही एकत्र दिसल्या तर मात्र कागद पुढे सरकवू नका.

व्हेंडरला थेट फोन करून भाव काढायचा मार्ग आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. वर म्हटलं तसं तो प्लॅनरला सांभाळून तोच भाव सांगेल, किंवा "तुमच्या प्लॅनरलाच विचारा" म्हणेल. त्यापेक्षा त्या प्लॅनरशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डेकोरेटरला तोच बारा ओळींचा तपशील, त्याच मापांसह पाठवून भाव मागवा. मापं नसतील तर तुलना फसते. "स्टेज" म्हणजे चोवीस फुटी की चाळीस फुटी, फुलं ताजी की कापडी, हे लिहिल्याशिवाय दोन आकड्यांना अर्थ नाही.

कार्यालयाची रॉयल्टीही इथेच तपासा. बरीच लॉन आणि हॉटेलं त्यांच्या यादीबाहेरच्या डेकोरेटरकडून किंवा केटररकडून रॉयल्टी घेतात. ती खरी असेल तर कार्यालयाच्या छापील नियमांत असते. प्लॅनरच्या तोंडी आकड्यावर न जाता तो कागद थेट कार्यालयाकडून घ्या.

५. करारात ही कलमं घाला

बहुतेक प्लॅनर दोन पानी छापील करार देतात आणि त्यात पैसे परत न मिळण्याच्या अटीच जास्त असतात. त्यात ही वाक्यं जोडायला सांगा. भाषा साधी चालेल.

"फी ही सोबतच्या यादीतील कामांच्या जीएसटीपूर्व रकमेवर मोजली जाईल आणि ती रुपये ____ पेक्षा जास्त होणार नाही." टक्केवारीवर ही कमाल मर्यादा असेल तर खर्च वाढवण्याचं आकर्षण बरंच कमी होतं. माझ्या मते टक्केवारी मान्य करायचीच असेल तर याच अटीवर करा.

"या लग्नासंदर्भात कोणत्याही व्हेंडर, कार्यालय वा हॉटेलकडून प्लॅनरला, त्याच्या भागीदारांना किंवा संलग्न फर्मला मिळणारा कोणताही लाभ ग्राहकाला लेखी कळवला जाईल आणि तो फीतून वजा होईल."

"सर्व व्हेंडरची मूळ कोटेशनं व बिलं ग्राहकाच्या नावे असतील."

कायद्याचा आधारही माहीत असू द्या. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंट आणि मालक यांच्या नात्याबद्दल कलमं आहेत. कलम २१३ प्रमाणे मालकाने मागितल्यावर एजंटला हिशेब द्यावा लागतो. कलम २१६ सांगतं की मालकाला न कळवता एजंटाने त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला लाभ मालक मागू शकतो. प्लॅनर तुमचा एजंट ठरतो की स्वतंत्र ठेकेदार, हे करारातल्या शब्दांवर अवलंबून असतं. म्हणून "ग्राहकाच्या वतीने व्हेंडर निवडणे, भाव ठरवणे" असे शब्द करारात असणं तुमच्या सोयीचं आहे. 'पॅकेज' विकत घेतलंत, म्हणजे एकाच रकमेत सगळं, तर हा मुद्दा लंगडा पडतो. तिथे प्लॅनर स्वतःच विक्रेता असतो आणि त्याचा नफा त्याचा.

६. पैसे थेट व्हेंडरच्या खात्यात

एवढं एक पाळलंत तरी निम्मा गोंधळ संपतो. प्लॅनरला त्याची फी, डेकोरेटरला डेकोरेटरचे, केटररला केटररचे.

याला कराचंही कारण आहे. बाहेरचा केटरर साधारण ५ टक्के जीएसटी लावतो. तेच ९ लाखांचं जेवण प्लॅनरने स्वतःच्या एकत्रित बिलात घालून सगळ्यावर १८ टक्के लावले, तर ४५ हजारांच्या जागी १ लाख ६२ हजार कर दिसतो. प्लॅनर तुमच्या वतीने निव्वळ पैसे पोहोचवत असेल, तर जीएसटी नियमांतल्या नियम ३३ प्रमाणे 'प्युअर एजंट' म्हणून ती रक्कम त्याच्या सेवेच्या मूल्यातून वगळता येते. पण त्यासाठी तुमची तशी परवानगी हवी, बिलात ती रक्कम वेगळी दाखवलेली हवी आणि जेवढे दिले तेवढेच घेतलेले हवेत. थेट पैसे दिलेत की ही भानगडच नाही. (हॉटेलमधल्या जेवणाला १८ टक्केही लागू शकतात, तेव्हा आधी हॉटेललाच विचारा.)

"रोख द्या, जीएसटी वाचेल" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, आयकर कायद्याप्रमाणे एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकडे करूनही नाही. आणि रोखीतल्या पैशांतून कुणाचा किती कट निघाला, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

७. शेवटच्या आठवड्यातले फोन

खर्च वाढतो तो याच दिवसांत. "दादा, जनरेटर एक कमी पडतोय," "फुलांचे भाव वाढलेत, सीझन आहे," "संगीतला एलईडी वॉल घेऊया." घरात पाहुणे, कुणालाच वेळ नसतो आणि 'हो' म्हटलं जातं.

घरातल्या एकाच माणसाला होकाराचा अधिकार द्या, शक्यतो नवरा-नवरीच्या आईवडिलांना नको. काका, मामा, थोरला भाऊ, कुणीही चालेल. वाढीव काम व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेसह लिहून आल्याशिवाय मान्य नाही, हे प्लॅनर आणि व्हेंडर दोघांनाही आधीच सांगून ठेवा. टक्केवारीवर असाल तर या आठवड्यातल्या वाढीव कामावर फी लागणार नाही, असं करारातच ठरवा. "हे आणखी घ्या" म्हणणाऱ्या फोनांची संख्या त्याने कमी होते, हे मी पाहिलंय.

८. फाइलमध्ये काय हवं

- तीन गटांचा खर्चाचा तक्ता, तिसऱ्या गटाची बेरीज अधोरेखित केलेली
- प्लॅनरचा सही केलेला करार आणि कार्यक्रम, पाहुणे, माणसं, वेळ यांची जोडयादी
- प्रत्येक व्हेंडरचं मूळ कोटेशन, ओळवार भाव आणि मापांसह
- कार्यालयाचे छापील नियम आणि रॉयल्टीचे दर
- कमिशनबद्दलचं लेखी उत्तर, ईमेलवर असेल तर उत्तम
- बँकेतून दिलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद आणि व्हेंडरची पावती

फीचे हप्ते पाडताना शेवटचा वीस-पंचवीस टक्क्यांचा हप्ता लग्नानंतर ठेवा, आणि तो सगळ्या व्हेंडरची अंतिम बिलं हातात आल्यावरच द्या. बहुतेक प्लॅनर लग्नाच्या आदल्या दिवशी पूर्ण रक्कम मागतात. दहा टक्क्यांवर तडजोड झाली तरी चालेल, पण काहीतरी मागे ठेवाच, कारण बिलं मागायला तुमच्या हातात त्यानंतर दुसरं काही उरत नाही.